कॉल २४०, ऑर्डर ३: भोसरीतल्या एका सेल्स डॅशबोर्डचं प्रकरण

माझा एक मित्र भोसरी एमआयडीसीत सेल्स मॅनेजर आहे, कंपनी स्क्रू कॉम्प्रेसर विकते, सोबत एएमसी आणि स्पेअर. कंपनीचं नाव घेत नाही आणि आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "अरे, सोमवारच्या मीटिंगआधी जरा येऊन जा, शीट बघून दे. एका मॅडमना वॉर्निंग लेटर द्यायचंय, साहेब म्हणतायत आकडे नीट लावून द्या." म्हटलं येतो, मिसळ तुझ्याकडून.

टीम चार जणांची. ऑफिसात सगळे एकमेकांना एरियावरूनच ओळखतात, त्यामुळे मीही तसंच लिहितो: भोसरीवाला, चाकणवाला, पिरंगुटवाला आणि हडपसरवाल्या मॅडम. मॅडमच्या एरियात हडपसरच्या पुढे जेजुरी आणि कुरकुंभपण येतं. वॉर्निंग लेटर त्यांनाच द्यायचं होतं.

शीटमध्ये एकच मोठा तक्ता होता, शेवटच्या कॉलममध्ये "परफॉर्मन्स स्कोअर" आणि त्यावर हिरवा-पिवळा-लाल रंग. स्कोअरचं गणित असं: एक कॉल एक पॉइंट, व्हिजिट तीन, कोटेशन पाच, ऑर्डर दहा. जूनमध्ये चाकणवाल्याचे कॉल २४०, व्हिजिट ४६, कोटेशन ३१, ऑर्डर ३, म्हणजे स्कोअर ५६३, गडद हिरवा. मॅडमचे कॉल ९५, व्हिजिट २२, कोटेशन १२, ऑर्डर ४. स्कोअर २६१, लाल.

मी मित्राला विचारलं, चाकणवाल्याच्या तिन्ही ऑर्डर काढून टाकल्या तर स्कोअर किती होईल? त्याने मनातल्या मनात तीस वजा केले, ५३३. तरी पहिलाच. म्हणजे या शीटप्रमाणे महिनाभर एकही मशीन न विकता माणूस पहिला येऊ शकतो. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण मॅडमच्या व्हिजिट निम्म्यापेक्षा कमी आहेत हे तर खरंय ना?" खरंय. पण कुरकुंभला जाऊन यायचं म्हणजे सोलापूर रोडवर अख्खा दिवस जातो, आणि चाकणला एकदा ट्रॅफिकमधून आत शिरलं की एकाच फेजमध्ये तीन गेट करता येतात. व्हिजिटचा आकडा निम्मा तर नकाशाच ठरवतो.

त्याच शीटमध्ये "कन्व्हर्जन" नावाचा कॉलमपण होता हो, नव्हता असं नाही. या महिन्याच्या ऑर्डर भागिले या महिन्याची कोटेशन. मी मागचे महिने उघडून बघितले तर एप्रिलमध्ये भोसरीवाल्याची कोटेशन ४ आणि ऑर्डर ५, कन्व्हर्जन १२५ टक्के. आणि ते हिरव्या रंगात! चार जणांना कोटेशन दिलं आणि पाच जणांनी मशीन घेतलं. तीन महिने दर सोमवारी हा आकडा प्रोजेक्टरवर दिसत होता आणि कोणालाच काही खटकलं नव्हतं, कारण सगळ्यांची नजर शेवटच्या स्कोअरवर.

कारण साधं आहे. कॉम्प्रेसर आज कोटेशन, उद्या ऑर्डर असा विकला जात नाही. त्यात मार्चएंडला कंपन्या घाई करतात, ३१ मार्चच्या आत मशीन चालू झालं की त्या वर्षाचा घसारा मिळतो, १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा का होईना. म्हणजे कोटेशन जानेवारी-फेब्रुवारीत जातात, पीओ म्हणजे लेखी ऑर्डर मार्च-एप्रिलमध्ये येतात. एप्रिलच्या ऑर्डर एप्रिलच्या कोटेशनने भागायच्या म्हणजे यंदाची कापणी पुढच्या पेरणीने भागायची.

मग आम्ही मागच्या आर्थिक वर्षात जिंकलेल्या सगळ्या एन्क्वायऱ्या काढल्या, ६१ निघाल्या, आणि प्रत्येकीसमोर पहिलं कोटेशन गेल्याची तारीख आणि पीओची तारीख लिहिली. हे एकच काम करायला शनिवारची अख्खी दुपार गेली, कारण पीओ मेलमध्ये, कोटेशन सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये आणि एन्क्वायऱ्या कोऑर्डिनेटर ताईंच्या वहीत. निघालं असं की निम्म्या ऑर्डर ४५ दिवसांत येतात आणि ६१ पैकी ५४ नव्वद दिवसांच्या आत. डॅशबोर्डचा कणा हाच झाला. एका महिन्यात ज्या एन्क्वायऱ्यांना पहिलं कोटेशन गेलं ती एक बॅच, आणि बॅच संपून नव्वद दिवस झाल्याशिवाय तिचं कन्व्हर्जन बोलायचं नाही. जुलैच्या सुरुवातीला बसलो होतो, म्हणजे बोलण्यासारख्या बॅच मार्चपर्यंतच्याच. एप्रिल, मे, जूनच्या ओळी दिसतील पण राखाडी.

आता दुसरी गंमत. चाकणवाल्याची जानेवारी ते मार्चची कोटेशन ८८ होती. फोल्डर उघडला तर एकाच गिऱ्हाइकाच्या नावाने आर-०, आर-१, आर-२, एका ठिकाणी तर आर-६ पर्यंत. ड्रायर काढला, परत टाकला, पेमेंट टर्म बदलली, प्रत्येक वेळी शीटमध्ये नवीन कोटेशन, पाच पॉइंट. यात त्याची लबाडी नव्हती, सिस्टिमनेच तसं मोजायला सांगितलं होतं. एन्क्वायरी नंबरवर मोजलं तर ८८ ची ५२ झाली. त्यातल्या १२ एएमसी आणि स्पेअरच्या, ज्या बाजूला काढायलाच हव्या, कारण दहा हजारांचं फिल्टर किट आणि सहा लाखांचं मशीन एकाच सरासरीत घातलं की सरासरी दोघांचीही राहत नाही. उरल्या कॉम्प्रेसरच्या ४०. मॅडमची ३८ कोटेशन होती, त्याच्या एन्क्वायऱ्या ३१, त्यात कॉम्प्रेसरच्या २४.

फॉर्म्युला काही फार भारी नाही. `Enq` नावाची एक शीट, एका एन्क्वायरीला एकच ओळ: `B` मध्ये पहिल्या कोटेशनची तारीख, `C` एरिया, `D` प्रकार, `E` स्थिती, `G` ऑर्डरची रक्कम. निकालाच्या पानावर `A` कॉलममध्ये एरिया आणि पहिल्या ओळीत महिन्याची एक तारीख.

```
=COUNTIFS(Enq!$C:$C,$A2,Enq!$D:$D,"Compressor",
 Enq!$B:$B,">="&B$1,Enq!$B:$B,"<"&EDATE(B$1,1),
 Enq!$E:$E,"Won")
```

शेवटची `Won` ची अट काढली की तोच फॉर्म्युला छेद देतो. मुद्दा एवढाच की `Won` झालेली ऑर्डर पीओच्या महिन्यात न मोजता कोटेशनच्या महिन्यात मोजली जाते. पीओच्या तारखेची वेगळी शीट आहेच, ती अकाउंटला आणि टार्गेटला लागते, पण कन्व्हर्जनशी तिचा संबंध नाही.

इथे आम्ही एकदा चांगलेच आपटलो, ते सांगतो. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मार्चची बॅच फारच छोटी आली आणि डिसेंबरमध्ये चार एन्क्वायऱ्या दिसल्या, यंदाच्या डिसेंबरमध्ये, जो अजून यायचाय. गूगल शीटचं लोकेल अमेरिकेचं राहिलं होतं, त्यामुळे ०३/१२ असं जे आपण ३ डिसेंबर म्हणून टाकतो ते १२ मार्च झालं, १२/०३ चं ३ डिसेंबर झालं, आणि १५/०३ ला पंधरावा महिनाच नसल्यामुळे ते नुसतं टेक्स्ट म्हणून पडून राहिलं, कुठल्याच बॅचमध्ये मोजलं गेलं नाही. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे. आणि नुसतं लोकेल भारताचं करून भागत नाही, आधीच उलट्या वाचलेल्या तारखा उलट्याच राहतात. लोकेल आधी बदललं आणि सगळा डेटा मूळ फाइलमधून परत पेस्ट केला.

आता आकडे. जानेवारी ते मार्चच्या बॅच मिळून चाकणवाला: ४० पैकी ७ जिंकल्या, १५ हरल्या, १८ अजून ओपन. मॅडम: २४ पैकी ८ जिंकल्या, १२ हरल्या, ४ ओपन. सगळ्यांनी भागलं तर त्याचं साडेसतरा टक्के, त्यांचं तेहतीस. पण काही लोक म्हणतात की फक्त निकाल लागलेल्यांनी भागा, ओपनला का धरता. तसं केलं तर तो २२ पैकी ७ म्हणजे ३२ टक्के आणि त्या २० पैकी ८ म्हणजे ४० टक्के, अंतर एकदम कमी. मित्र लगेच म्हणाला हेच बरोबर वाटतंय. मी म्हटलं थांब, नव्वद दिवस उलटून गेल्यावर १८ ओपन कशा काय? कोऑर्डिनेटर ताईंना त्या अठरा जणांना फोन लावायला सांगितलं, "तुमची रिक्वायरमेंट अजून आहे का" एवढंच विचारायचं. दीड दिवसात उत्तर आलं: ११ जणांनी दुसरीकडून घेतलं होतं किंवा प्रोजेक्टच रद्द केलं होतं, ५ खरंच चालू, २ जणांनी फोन उचलला नाही. अकरा हरलेल्यांत टाकल्यावर ३३ पैकी ७, म्हणजे २१ टक्के. म्हणजे "निकाल लागलेल्यांवर" मोजलेलं कन्व्हर्जन सगळ्यात जास्त त्यालाच शोभून दिसतं जो हरलेली एन्क्वायरी बंद करत नाही. म्हणून आम्ही छेदात सगळ्या एन्क्वायऱ्या धरल्या, आणि ओपनचा आकडा शेजारी वेगळा, उघडा ठेवला.

डील साइझमध्ये तर मला स्वतःला धक्का बसला. चाकणवाल्याच्या सात ऑर्डरची सरासरी साडेसहा लाख, मॅडमच्या आठ ऑर्डरची सरासरी साडेसहा लाखच. साहेब इथेच थांबले असते आणि म्हणाले असते बघा, दोघं सारखेच. पण सगळ्या ऑर्डर ओळीने लावल्या तर त्याच्या, लाखांत, अशा: ३.४, ३.६, ३.८, ३.९, ४.१, ४.६ आणि एकदम २२. ती बावीसवाली दोन मशीन, ड्रायर, पायपिंग अशी मोठी ऑर्डर, आणि ती क्लोज करायला मित्र स्वतः तीनदा जाऊन बसला होता. मॅडमच्या: ४.२, ५.१, ५.८, ६.४, ६.८, ७.२, ७.९, ९. मधली ऑर्डर बघितली तर त्याची ३.९ लाख आणि त्यांची ६.६. म्हणून डॅशबोर्डवर सरासरी ठेवलीच नाही, मध्यक ठेवला आणि शेजारी सगळ्यात मोठी ऑर्डर.

```
=IFERROR(MEDIAN(FILTER(Enq!$G:$G,Enq!$C:$C=$A2,
 Enq!$D:$D="Compressor",Enq!$E:$E="Won")),"-")
```

(हा सगळ्या काळाचा झाला, तिमाहीचा हवा असेल तर `FILTER` मध्ये वरच्यासारख्या तारखेच्या दोन अटी घालायच्या.)

इथपर्यंत आल्यावर मित्राचा मूड बरोबर उलटा झाला, आता त्याला लेटर चाकणवाल्याला द्यायचं होतं. याच्यासाठीच मी डॅशबोर्डच्या कामाला घाबरतो, आकडा बदलला की माणूस बदलतो पण लेटर तसंच राहतं. मी म्हटलं अजून एक कॉलम लाव, गिऱ्हाईक जुनं की नवीन. मॅडमच्या २४ पैकी १३ जुनी गिऱ्हाइकं, त्यात ६ जिंकल्या. नवीन ११, त्यात २. चाकणवाल्याच्या ४० पैकी जुनी फक्त ४, त्यात २. नवीन ३६, त्यात ५. नव्या गिऱ्हाइकांत त्यांचं १८ टक्के, त्याचं १४. आणि ११ पैकी २ म्हणजे काय, एक कमी झाली तर ९ टक्के, एक वाढली तर २७. असल्या आकड्यावरून दोघांत फरक आहे असं म्हणताच येत नाही. मॅडमना एरिया मिळाला तो आधीच्या माणसाने पंधरा वर्षं सांभाळलेल्या गिऱ्हाइकांसकट, चाकणवाला जवळपास शून्यातून उभा करतोय. तेव्हा कन्व्हर्जनमधला मोठा फरक माणसांचा नव्हता, गिऱ्हाइकांचा होता.

डील साइझचं मात्र तसं नव्हतं. नव्या गिऱ्हाइकांतही मॅडमच्या दोन्ही ऑर्डर सहा लाखांच्या वर होत्या. दोनच आहेत, मान्य, म्हणून आम्ही आकडा सोडून फाइली उघडल्या. मॅडमच्या फाइलींत जवळपास प्रत्येक कोटेशनआधी साइटवरची मोजमापं: सध्याचं मशीन किती वेळ लोडवर चालतं, किती वेळ अनलोड, सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना हवेच्या लाइनचं प्रेशर किती मिनिटांत उतरतं म्हणजे गळती किती. त्यावरून त्या स्वतः साइझ सुचवतात, कधी व्हेरिएबल स्पीडवालं मशीन, कधी सोबत ड्रायर. चाकणवाल्याच्या फाइलींत गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेली एचपी जशीच्या तशी. "पंधरा एचपीचं कोट द्या", दिलं. आणि पंधरा एचपीचं कोट अजून चार जणांनी दिलेलं असतं, मग फक्त भाव.

मोजमाप असलेली व्हिजिट एका गिऱ्हाइकाकडे तीन-चार तास खाते. जुन्या स्कोअरमध्ये तिचे पॉइंट किती? तीन. गेटवर वॉचमनला कार्ड देऊन आलं तरी तीन.

शेवटी डॅशबोर्डची दोन पानं केली आणि त्यांच्यात एकही बेरीज नाही. पहिलं पान "काम": या आठवड्यातले कॉल, व्हिजिट, आणि व्हिजिटचे दोन प्रकार, साधी आणि मोजमापवाली. हे रोज भरायचं, ज्याचं त्याने बघायचं, त्यावर रंग नाही, रँक नाही, आणि तुलना करायची तर प्रत्येकाची स्वतःच्याच मागच्या आठ आठवड्यांशी. दुसरं पान "निकाल": महिन्यातून एकदाच उघडायचं, पिकलेल्या बॅचच फक्त काळ्या अक्षरांत. कन्व्हर्जन टक्क्यांत न लिहिता "२४ पैकी ८" असं मोठं, टक्के खाली बारीक, आणि छेद वीसच्या आत असेल तर टक्के दिसतच नाहीत. वीस हा काही शास्त्रीय आकडा नाही, वीसच्या खाली एका ऑर्डरने आकडा पाच टक्क्यांहून जास्त हलतो आणि तेवढा हलणारा आकडा मीटिंगमध्ये भांडणं लावतो, म्हणून वीस. दोन पानांच्या मधे एक पट्टी: साठ दिवसांवर ओपन असलेल्या आणि पुढची तारीख न टाकलेल्या एन्क्वायऱ्या. पहिल्या दिवशी त्या चौघांच्या मिळून ४३ निघाल्या.

साहेबांनी मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न विचारला, "टोटल स्कोअर कुठाय?" मित्राने सांगितलं की काढला. "मग पहिला कोण ते कसं कळणार?" यावर तो जे बोलला ते मला आवडलं, म्हणाला, "साहेब, कोण पहिला ते विचारण्याआधी कशात ते ठरवावं लागेल." साहेब खूश झाले असं नाही. पण लेटर कोणालाच गेलं नाही, आणि चाकणवाल्याला दोन दिवस मॅडमसोबत जेजुरीला पाठवलं, मोजमापं कशी घेतात ते बघायला. जाताना कुरकुरत गेला, येताना गळती मोजायच्या टेस्टचे फोटो ग्रुपवर टाकत आला.

पण एवढ्यावर संपलं नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल लिहिताना जे म्हटलं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब टाकला की त्याची जुनी शिस्त मोडते, ते भोसरीत ऑगस्टमध्येच बघायला मिळालं. पिरंगुटवाल्याच्या नव्या एन्क्वायऱ्या एकदम निम्म्या झाल्या आणि ज्या होत्या त्या पटापट जिंकल्या जात होत्या. वर्षभर असं कधी झालं नव्हतं. तारखा बघितल्या तर तीन एन्क्वायऱ्यांत पहिलं कोटेशन आणि पीओ एकाच आठवड्यात. म्हणजे तो गिऱ्हाइकाला भाव व्हॉट्सअपवर सांगत होता आणि ऑर्डर नक्की झाली की मगच एन्क्वायरी नोंदवत होता, छेद लहान ठेवायला. चुकीचं म्हणावं तर आम्हीच शिकवलं ना. आता कोटेशन नंबर फक्त कोऑर्डिनेटर ताई देतात, तोही एन्क्वायरी नोंदवल्यावरच, आणि निकालाच्या पानावर "पहिली व्हिजिट ते एन्क्वायरी नोंद" हे दिवस दिसतात. व्हॉट्सअपवर भाव सांगणं पूर्ण थांबलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तशीच दुसरी गळती डिस्काउंटची, भाव पाडून कन्व्हर्जन वाढवता येतं, त्यासाठी डील साइझशेजारी डिस्काउंट टक्के टाकायचेत, पण टीमला मार्जिन दाखवायला साहेब तयार नाहीत, म्हणून ते अडकलंय.

चाकणवाल्याची जूनची बॅच सप्टेंबरअखेर पिकेल. तोपर्यंत ती ओळ राखाडी आहे आणि मीटिंगमध्ये तिच्यावर कोणी बोलायचं नाही असा नियम आहे. परवा मित्र सांगत होता, चाकणवाला स्वतःहून टेबलापाशी आला, नऊ एन्क्वायऱ्यांची यादी घेऊन, म्हणाला, "सर, या हरल्यात, लॉस्ट टाका, आणि तो डेटा लॉगर मला बुधवारी मिळेल का?" कंपनीत मोजमापं नोंदवणारा लॉगर एकच आहे, तो मॅडमकडे असतो. दुसरा घ्यायचा की नाही यावर आता साहेबांचं विचारमंथन चालू आहे.